न दिलेल्या व्याजाचा कांगावा

परिवर्तनीय डिबेंचर काढलेल्या कंपनीच्या निकालांनंतरच्या कोणत्याही बैठकीला बसा. वित्तखर्चाच्या ओळीवर कुणी बोट ठेवलं, की मुख्य वित्त अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर ठरावीक हसू उमटतं आणि ठरावीक वाक्य येतं: ‘तो खर्च नोशनल आहे हो, हिशेबाच्या नियमामुळे दाखवावा लागतो. रोख पैसा गेलेलाच नाही.’ पुढच्या स्लाइडवर ‘समायोजित नफा’ हजर असतो, त्यात हा खर्च मागच्या दाराने परत मिळवलेला असतो. विश्लेषक माना डोलावतात. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तोच समायोजित नफा छापून येतो.

या मताचा मला जो वैताग आहे, तो सांगण्याआधी ते मत त्याच्या पूर्ण जोरासह मांडतो. प्रतिपक्ष म्हणतो: कंपनीने शंभर कोटी घेतले, शंभर कोटी परत देणार. दरम्यान सहा टक्के व्याज कबूल केलं, सहाच टक्के दिलं. मग नफा-तोटा पत्रकात नऊ टक्क्यांचा खर्च कुठून आला? आणि शंभर कोटींचं कर्ज पहिल्याच दिवशी ताळेबंदात नव्वद कोटींचं कसं झालं? उरलेले दहा कोटी कुणी न मागता इक्विटीत जाऊन बसले. ही लेखापरीक्षकांनी आणि लंडनच्या नियमकर्त्यांनी मिळून केलेली जादू आहे, धंद्याशी तिचा संबंध नाही.

ऐकायला हे पटतं. सहा आणि नऊ यांतला फरक कळायला सी.ए. व्हावं लागत नाही, आणि ‘मी दिलेच नाहीत’ हे वाक्य नेहमीच खरं वाटतं. पण आकडे मांडल्यावर ते किती टिकतं ते पाहू.

समजा, एका कंपनीने प्रत्येकी हजार रुपयांचे दहा लाख डिबेंचर विकले, म्हणजे शंभर कोटी उभे केले. मुदत तीन वर्षं, व्याज दरसाल सहा टक्के. मुदत संपताना धारकाने हजार रुपये परत घ्यावेत किंवा त्याऐवजी चार शेअर घ्यावेत, निवड त्याची. म्हणजे शेअर अडीचशे रुपयांना पडला. आज बाजारात तो दोनशे दहाला आहे. याच कंपनीने शेअरची लालूच न दाखवता साधे डिबेंचर काढले असते, तर बाजाराने तिच्याकडून दहा टक्के मागितले असते.

आता एकच प्रश्न. दहा टक्के मिळत असताना धारकाने सहा टक्क्यांवर समाधान का मानलं? कंपनीचं भलं व्हावं म्हणून? दर वर्षी चार कोटी सोडून देणारे इतके उदार लोक म्युच्युअल फंडांत आणि विमा कंपन्यांत कधीपासून कामाला लागले? त्याने चार कोटी सोडले, कारण बदल्यात त्याला एक हक्क मिळाला. शेअर चारशेला गेला तरी अडीचशेला घ्यायचा, आणि शंभरावर आला तर हजार रुपये मागून मोकळं व्हायचं. या हक्काला किंमत आहे, आणि ती त्याने व्याज सोडून मोजली. दुकानदाराने जुना टीव्ही घेऊन नवीन टीव्हीच्या किमतीत चार हजार कमी केले, तर नवीन टीव्ही चार हजारांनी स्वस्त झाला असं कुणी म्हणत नाही, जुना टीव्ही चार हजारांना विकला असं म्हणतात. इथे मात्र शेअरचा हक्क देऊन व्याज कमी करून घ्यायचं आणि कर्ज मुळातच स्वस्त मिळालं असं सांगत फिरायचं, हे चालतं.

इंड एएस ३२ हा नियम फक्त त्या दोन व्यवहारांना वेगवेगळं नाव देतो. कृती सोपी आहे. तीन वर्षांत कंपनीने कबूल केलेली रोख रक्कम घ्यायची: तीनदा सहा कोटी आणि शेवटी शंभर कोटी. ती दहा टक्क्यांनी आजच्या मोलाला आणायची. उत्तर येतं ९०.०५ कोटी. हक्काशिवायचं हेच कर्ज बाजारात इतक्यालाच विकलं गेलं असतं. म्हणून हे दायित्व. मिळालेल्या शंभरातून ते वजा केलं की ९.९५ कोटी उरतात, ती हक्काची किंमत आणि ती इक्विटी. आधी दायित्व मोजायचं आणि उरेल ते इक्विटीला, हा क्रम महत्त्वाचा आहे. हक्काचं मोल अंदाजाने ठरवून कर्जाला उरलंसुरलं द्यायला नियम परवानगी देत नाही. शिवाय ही फोड एकदाच, डिबेंचर विकताना होते. पुढे शेअर वर जावो की खाली, ९.९५ च्या आकड्याला हात लावायचा नाही.

मग वर्षाचा हिशेब. पहिल्या वर्षी ९०.०५ वर दहा टक्के, म्हणजे ९ कोटी वित्तखर्च. सहा कोटी रोख दिले, उरलेले तीन कर्जात मिळवले, कर्ज ९३.०५ झालं. दुसऱ्या वर्षी खर्च ९.३१ कोटी, कर्ज ९६.३६. तिसऱ्या वर्षी ९.६४ कोटी आणि कर्ज बरोबर शंभर, जितकं परत द्यायचं आहे तितकंच. तीन वर्षांचा एकूण खर्च २७.९५ कोटी: अठरा कोटी रोख व्याज आणि ९.९५ कोटी. म्हणजे हक्क विकून जेवढे आले, बरोबर तेवढेच व्याज म्हणून खर्ची पडले. जादू असती तर बेरीज इतकी जुळली नसती.

‘पण हक्क कुणी वेगळा विकलाच नाही, ही तुमची कल्पना आहे,’ असं आता म्हणतील. मग ज्यांनी खरोखर वेगळा विकला त्यांच्याकडे पाहू. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबईच्या एचडीएफसीने संस्थात्मक गुंतवणूकदारांकडून पैसे उभे केले. त्यात साधे, अपरिवर्तनीय डिबेंचर ३,६९३ कोटींचे होते, तीन वर्षांचे, ५.४० टक्क्यांचे. त्यांच्यासोबत वॉरंट होते, प्रत्येकी १८० रुपयांना विकलेले, तीन वर्षांच्या आत २,१६५ रुपयांना शेअर घेण्याचा हक्क देणारे. नुसत्या या हक्काचे कंपनीला सुमारे ३०७ कोटी मिळाले. धनादेश आला, बँकेत जमा झाला. ते ३०७ कोटी नोशनल होते असं त्या वेळी कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मग हेच दोन कागद एकत्र छापून त्याला ‘परिवर्तनीय डिबेंचर’ म्हटलं, की हक्काची किंमत हवेत विरते? कागद जोडून छापल्याने?

आमच्या उदाहरणातली कंपनी हेच करू शकली असती. सहा टक्क्यांचे साधे डिबेंचर ९०.०५ कोटींना विकायचे आणि वॉरंट ९.९५ कोटींना. मग साधे डिबेंचर सुमारे दहा टक्के सवलतीत विकले गेले असते आणि ती सवलत तीन वर्षांत वित्तखर्चात मिळवली गेली असती. सवलतीत विकलेल्या रोख्याची सवलत हा व्याजाचाच भाग असतो, हे बी.कॉम.च्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. दरसालचा खर्च पैशापर्यंत तोच, ९, ९.३१, ९.६४. त्यावर एकही वित्त अधिकारी ओरडला नसता. ओरडायचं फक्त एकाच कागदात लपवल्यावर, कारण लपवल्यावरच उघडं पडण्याची भीती असते.

‘रोख गेली नाही’ या युक्तिवादाबद्दल आणखी एक. घसारा रोख जातो का? ग्रॅच्युइटीची तरतूद त्या वर्षी रोख जाते का? शून्य व्याजाचा रोखा पाच वर्षं ठेवून शेवटी एकदम मोठी रक्कम देणारी कंपनी पहिली चार वर्षं फुकट कर्ज वापरते का? रोखीचा हिशेब पाहायला रोखप्रवाह पत्रक आहेच, आणि तिथे सहाच कोटी दिसतात. नफा-तोटा पत्रकात नऊ आणि रोखप्रवाहात सहा, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचणाऱ्याला सगळी गोष्ट कळते. ज्याला एकच आकडा हवा असतो, त्याला सहाच हवे असतात.

आणि सहा का हवे असतात तेही बघा. व्याज व कर भरण्याआधीचा नफा २७ कोटी असेल तर सहा कोटी व्याजाने तो साडेचार पट पुरतो, नऊने तीन पट. कर्ज देणाऱ्या बँकेच्या दृष्टीने या दोन कंपन्या सारख्या नाहीत. ज्याच्या बोनसचं गणित नफ्यावर आहे, त्याच्या दृष्टीनेही नाहीत.

दुसरा आक्षेप थोडा हुशार आहे. ‘तीन वर्षांनी धारकाने शेअर घेतले तर? शंभर कोटी द्यावेच लागले नाहीत. मग त्या ९.९५ कोटींचा खर्च कशाला केला?’ किंवा उलट: ‘शेअर पडला, त्याने पैसे परत घेतले, हक्क वाया गेला. मग ते ९.९५ कोटी आता नफा म्हणून परत घ्या.’ एकाच माणसाच्या तोंडी मी हे दोन्ही ऐकले आहेत, त्याच संध्याकाळी.

शेअर दिले तेव्हा कंपनीने काय दिलं? बाजारात समजा चारशे रुपयांना जाणारे चाळीस लाख शेअर अडीचशेला दिले. किंमत जुन्या भागधारकाने मोजली, त्याच्या वाट्याचा नफा वाटला गेला. ते नफा-तोटा पत्रकात येत नाही, कारण ते मालकांमधलं देणंघेणं आहे. कर्जाचे शंभर कोटी इक्विटीत जातात, नफा नाही, तोटा नाही. तीन वर्षं पैसे वापरण्याची किंमत मात्र या तीन वर्षांचीच आहे, नंतर काय घडलं त्याने ती मागे जाऊन बदलत नाही. उलट दिशेनेही तेच. हक्क वाया गेला म्हणून कंपनीला नफा झाला असं म्हणायचं असेल, तर एचडीएफसीसारखं वॉरंट विकून, ते न वापरता संपल्यावर आलेली रक्कमही नफ्यात घ्या. घेता? नाही घेत, ती इक्विटीतच राहते. मग इथे वेगळा न्याय का?

एक गोष्ट मान्य करतो, तेवढीच. फोड केल्यामुळे पहिल्या दिवशी कर्ज ९०.०५ दिसतं आणि निव्वळ मत्ता ९.९५ कोटींनी फुगते. बँकेने कर्ज व इक्विटीचं प्रमाण काढताना परतफेडीचे पूर्ण शंभर धरावेत, तिने तसं करणं योग्यच आहे. पण जे लोक खर्च वाढला म्हणून रडतात, त्यांनी फुगलेल्या निव्वळ मत्तेबद्दल तक्रार केल्याचं मी पाहिलेलं नाही.

मग हुकुमाचा पत्ता बाहेर काढतात: ‘अमेरिकेने हा प्रकार सोडून दिला.’ अर्धं खरं आहे. अमेरिकेच्या मानक मंडळाने ऑगस्ट २०२० मध्ये परिवर्तनीय रोख्यांची बरीचशी फोड बंद केली. पण त्याआधीची गोष्ट सांगत नाहीत. १९६९ च्या जुन्या नियमाने तिथे फोड नव्हती. मग कंपन्यांनी मुद्दल रोख देण्याची तरतूद असलेले रोखे काढायला सुरुवात केली आणि नगण्य व्याजखर्च दाखवत राहिल्या, म्हणून २००८ मध्ये त्या प्रकारासाठी फोड सक्तीची करावी लागली. २०२० मध्ये ती गेली ती मुख्यतः गुंतागुंत कमी करण्यासाठी. हक्काला किंमत नसते असा शोध काही लागला नव्हता. त्याच फटक्यात प्रतिशेअर मिळकतीचा नियम घट्ट केला: परिवर्तन झालंच असं धरून विरळ मिळकत मोजायची, पळवाट नाही. आज तिथे शून्य टक्क्यांचे परिवर्तनीय रोखे काढणाऱ्या कंपनीच्या पत्रकात व्याजखर्च जवळपास दिसतच नाही. हे आदर्श म्हणून दाखवायचं असेल तर दाखवा, पण पूर्ण दाखवा.

भारतात फोडीविना काय होत होतं, तेही आठवावं. जुन्या कंपनी कायद्यात रोख्यांच्या परतफेडीवरचं अधिमूल्य सिक्युरिटीज प्रीमियम खात्यातून देता येई. म्हणजे शून्य टक्क्यांचा परकीय चलनातला परिवर्तनीय रोखा काढायचा, पाच वर्षांनी मुद्दलावर घसघशीत अधिमूल्य द्यायचं कबूल करायचं, आणि त्या अधिमूल्याला नफा-तोटा पत्रकाचं तोंडही दाखवायचं नाही. २००५ ते २००८ या तेजीत अशा रोख्यांचा पूर आला. शेअर चढतच राहणार, परतफेड करावीच लागणार नाही, हा सगळ्यांचा समज. पुण्याच्या सुझलॉनने २००७ मध्ये काढलेल्या रोख्यांची परतफेड ऑक्टोबर २०१२ मध्ये आली तेव्हा शेअर वीस रुपयांच्याही खाली होता. परिवर्तन कोण करणार? वीस कोटी डॉलरहून जास्त रक्कम देता आली नाही. हिशेबाची पद्धत वेगळी असती तर पैसे आले असते असं मी म्हणत नाही. पण त्या काळात असे रोखे काढणाऱ्या कंपन्यांचा नफा वाचणाऱ्याला दर वर्षी साठत चाललेला खर्च दिसायला हवा होता, आणि ज्यांनी तो प्रीमियम खात्यात वळवला त्यांच्या पत्रकांत तो दिसला नाही.

आता एक गंमत. ज्या नियमाला शिव्या देतात, तोच नियम सक्तीने परिवर्तित होणाऱ्या डिबेंचरांना लागला की हीच मंडळी चिडीचूप. आमच्याच आकड्यांत धारकाची निवड काढून टाका. तीन वर्षं सहा कोटी व्याज आणि शेवटी ठरलेले चार शेअर, परतफेड नाहीच. मग कबूल केलेली रोख रक्कम म्हणजे तीनदा सहा कोटी, तिचं आजचं मोल १४.९२ कोटी. एवढंच दायित्व. उरलेले ८५.०८ कोटी इक्विटी. पहिल्या वर्षी रोख सहा कोटी गेले, पण वित्तखर्च १.४९ कोटी, कारण उरलेले ४.५१ कोटी हे त्या छोट्या कर्जाची परतफेड आहेत. तीन वर्षांत अठरा कोटी रोख दिले, खर्च दिसतो ३.०८ कोटी. रोख जास्त, खर्च कमी! ‘रोख हेच सत्य’ म्हणणाऱ्यांनी इथे समायोजित नफा काढून तो कमी करून दाखवला पाहिजे. तशी स्लाइड मी शोधतो आहे.

याचा अर्थ या खात्यात कुणी खेळत नाही असा नाही. खेळ दोन ठिकाणी होतो आणि दोन्हीकडे वाचकाने डोळे उघडे ठेवायला हवेत. पहिलं म्हणजे शेअरची संख्या. चार शेअर म्हणजे चार, हे ठरलेलं असेल तरच हक्क इक्विटीत बसतो. ‘परिवर्तनाच्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा दहा टक्के कमी’ असं कलम असेल, किंवा पुढच्या फेरीत मूल्यांकन उतरलं तर जास्त शेअर द्यायचे असतील, तर संख्या ठरलेली नाही आणि त्या हक्काला इक्विटी म्हणता येत नाही. नवउद्यमांत खासगी गुंतवणूकदार असे करार सर्रास करतात, आणि तरी ताळेबंदात सगळं इक्विटीत टाकलेलं दिसतं, कारण करारातलं ते कलम कुणी शेवटपर्यंत वाचलेलं नसतं.

दुसरं, आणि माझ्या मते जास्त धोक्याचं, म्हणजे तो दहा टक्क्यांचा दर. आमच्या कंपनीने दहाऐवजी आठ टक्के धरले, तर दायित्व ९४.८५ कोटी होतं, इक्विटी ५.१५, आणि पहिल्या वर्षाचा खर्च ९ वरून ७.५९ कोटींवर येतो. दर दोन टक्क्यांनी खाली ओढला की वर्षाला जवळपास दीड कोटी नफा हाती. आठ टक्के कुठून आले? बहुधा कंपनीच्या बँक कर्जाचा दर उचललेला असतो. पण बँकेला कारखाना तारण आहे, डिबेंचरधारकाला बऱ्याचदा काहीच तारण नसतं. तारण नसलेल्या कर्जाचा दर तारण असलेल्यापेक्षा कमी कसा असेल? वार्षिक अहवालातली कर्जांची टीप उघडा, बँक कर्जाचे दर तिथे लिहिलेले असतात. डिबेंचरला वापरलेला दर त्याहून कमी किंवा तेवढाच असेल, तर प्रश्न विचारायचा तो तिथे. तो दर टीपेत दिलेला नसेल, तर पहिल्या वर्षाचा खर्च भागिले सुरुवातीचं दायित्व, इतकं करून तो काढता येतो. इक्विटीतला आकडा ‘इतर इक्विटी’च्या तक्त्यात वेगळ्या रकान्यात छापावा लागतो, तो शंभरातून वजा केला की सुरुवातीचं दायित्वही मिळतं.

म्हणजे संशयाला जागा आहे, पण ती खर्च का दाखवला यात नाही, पुरेसा दाखवला का यात आहे. वित्त अधिकारी मंडळी बरोबर याच प्रश्नावरून लक्ष उडवण्यासाठी नोशनलचा धुरळा उडवतात.

आणि तरीही कुणाला ठामपणे वाटत असेल की नऊ कोटी खोटे आणि सहा कोटी खरे, तर त्याला एक सोपा मार्ग मोकळा आहे. पुढच्या वेळी सहा टक्क्यांचे डिबेंचर शेअरच्या हक्काशिवाय काढा आणि बाजारात शंभर कोटींना विकून दाखवा. नव्वद मिळतील.